पहिलं नीट झालं, तरच दुसरं

त्या सकाळी पतसंस्थेच्या कार्यालयात पोहोचलो तेव्हा काउंटरसमोर आठ-दहा सभासद उभे होते आणि आतल्या खोलीत व्यवस्थापक सर्व्हरच्या काळ्या पडद्याकडे बघत बसले होते. हार्ड डिस्क गेली होती. हे कधीतरी होणारच होतं, डिस्कला आयुष्य असतंच. म्हणून तर रोज रात्री बॅकअप घेण्याची व्यवस्था मी स्वतः लावून दिली होती. बॅकअपची एक प्रत रस्त्यापलीकडच्या शाखेतल्या संगणकावर जात असे आणि तिथे मागच्या सात दिवसांच्या सात फायली असत. मी निर्धास्त होतो. शाखेत जाऊन कालची फाइल उघडायला घेतली, तेव्हा पडद्यावर ही ओळ आली:

```
gzip: db-2019-04-19.sql.gz: unexpected end of file
```

फाइल अर्ध्यातच संपली होती. आदल्या दिवशीची उघडली, तीही तशीच. सातच्या सात फायली अर्धवट होत्या. व्यवस्थापकांनी फोनवर विचारलं, "सर, मग आता रोजकीर्द?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गंमत वाटावी अशी गोष्ट ही, की त्या रात्री एकही काम बिघडलं नव्हतं. बॅकअप घेणारं काम रोज पूर्ण होत होतं. प्रत पाठवणारं कामही रोज पूर्ण होत होतं. बिघाड होता तो दोन कामांच्या मधल्या जागेत, आणि तो मीच ठेवलेला होता.

व्यवस्था अशी होती. लिनक्सवर ठरलेल्या वेळी काम सुरू करणारा एक जुना, विश्वासू कार्यक्रम असतो, त्याचं नाव क्रॉन. तो दर मिनिटाला जागा होतो, आपली यादी बघतो, या मिनिटाला काही सुरू करायचंय का ते पाहतो आणि असेल तर सुरू करून मोकळा होतो. माझ्या यादीत दोन ओळी होत्या:

```
0 1 * * *  /opt/kaam/dump.sh
0 2 * * *  /opt/kaam/copy.sh
```

पहिला आकडा मिनिटाचा, दुसरा तासाचा. म्हणजे रात्री एक वाजता बॅकअप घ्यायचा आणि दोन वाजता त्याची प्रत शाखेत पाठवायची. बॅकअपला तेव्हा वीस-पंचवीस मिनिटं लागत. मी एक तास सोडला होता, म्हणजे दुपटीहून जास्त. जगभरात असंख्य ठिकाणी रात्रीची कामं अशीच लावलेली आहेत: अंदाजे वेळ धरायची, थोडी जास्तीची सोडायची, पुढचं काम घड्याळावर टाकायचं.

पण त्या दोन ओळींचं एकमेकींशी काहीच नातं नाही. आपण वाचताना 'आधी हे, मग ते' असं वाचतो. क्रॉनच्या लेखी ती दोन परकी कामं आहेत. पहिलं संपलं का, फसलं का, सुरू तरी झालं का, हे तो दुसऱ्याच्या वेळी विचारत नाही. दोन वाजले, दुसरं सुरू.

संस्थेनं त्या वर्षी सभासदांचे फोटो आणि सह्या संगणकात साठवायला सुरुवात केली. माहितीसाठा वाढत गेला आणि बॅकअपची वेळही पंचवीस मिनिटांवरून चाळीस, मग पन्नास झाली. मार्चच्या मध्यावर कधीतरी ती साठ मिनिटांच्या पुढे गेली. त्या रात्रीपासून दोन वाजता प्रत पाठवणारं काम उठायचं तेव्हा फाइल अजून लिहून व्हायची होती. त्याला जेवढी दिसली तेवढी त्यानं उचलली आणि शाखेत नेऊन ठेवली. मागे सर्व्हरवर सव्वादोनला फाइल पूर्ण व्हायची, पण ती त्याच डिस्कवर होती जी पुढे गेली.

नंतर त्या सात फायलींचे आकार मी शेजारी मांडून बघितले. ते जवळपास सारखे होते. सभासद वाढत होते, फोटो वाढत होते, पण फाइल वाढायची थांबली होती, कारण ती आता एका तासात जेवढं लिहून होईल तेवढीच असायची. कुणी महिन्यातून एकदा जरी ते आकडे वाचले असते, तरी हे लक्षात आलं असतं. आकार शून्य असता तर डोळ्यात भरला असता. भरघोस आकाराची अर्धवट फाइल मात्र कुणाला खटकत नाही.

शेवटी व्यवस्थापकांच्या कपाटातल्या एका सुट्या डिस्कवर ३१ मार्चची, वर्षअखेरीला हातानं घेतलेली प्रत सापडली. एक ते एकोणीस एप्रिलपर्यंतच्या पावत्या चार माणसांनी पाच दिवस बसून पुन्हा भरल्या.

प्रेशर कुकर आपण घड्याळ बघून उघडत नाही. वाफ गेली, शिट्टी सैल झाली की उघडतो. किती वेळ लागला याला महत्त्व नाही, आतली वाफ गेल्याची खूण मिळाली पाहिजे. रात्रीच्या कामांनाही अशी खूण आहे, आणि ती पूर्वीपासून प्रत्येक प्रोग्राममध्ये आहे. युनिक्स घराण्याच्या संगणकावर कुठलंही काम संपताना मागे एक आकडा ठेवून जातं. शून्य असेल तर काम नीट पार पडलं. एक ते २५५ मधला कुठलाही आकडा असेल तर काहीतरी बिनसलं. यश एकाच प्रकारचं असतं आणि अपयशाची कारणं अनेक, म्हणून शून्य यशाला आणि बाकीचे सगळे आकडे अपयशाला, अशी ही वाटणी आहे. हा आकडा पडद्यावर दिसत नाही, पण विचारला तर मिळतो. आणि त्यावर पुढचं काम अवलंबून ठेवायचं असेल तर दोन चिन्हं पुरतात:

```
0 1 * * *  /opt/kaam/dump.sh && /opt/kaam/copy.sh
```

दोन ओळींची एक ओळ झाली आणि दोन वाजताची वेळ पुसली गेली. `&&` चा अर्थ असा: डावीकडचं काम संपेपर्यंत थांब, त्यानं शून्य ठेवला तरच उजवीकडचं सुरू कर. बॅकअपला वीस मिनिटं लागोत की तीन तास, प्रत त्यानंतरच निघेल. बॅकअप फसला, तर निघणारच नाही आणि शाखेतली कालची चांगली फाइल शाबूत राहील.

याच जागी नवखी माणसं पुष्कळदा `;` लिहितात. तेही थांबतं, पण फक्त संपण्यासाठी. पहिलं काम यशस्वी होऊन संपलं की आपटून संपलं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. 'संपलं' आणि 'नीट पार पडलं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठ्या बँकांत आणि विमा कंपन्यांत कामांचा क्रम लावणारी मोठी सॉफ्टवेअर असतात, त्यांतही हे दोन पर्याय वेगवेगळे असतात. ऑटोसिस नावाच्या अशा एका सॉफ्टवेअरमध्ये `s(` लिहिलं तर यशस्वी झाल्यावर आणि `d(` लिहिलं तर कसंही संपल्यावर. एका अक्षराचा फरक, पण रात्री तीन वाजता तोच सगळं ठरवतो.

इथे काम संपलं असं मला वाटलं होतं. पुढच्याच महिन्यात कळलं, की साखळी त्या आकड्यावर विश्वास ठेवते आणि आकडा खोटाही असू शकतो. माहितीसाठ्याचा पासवर्ड कुणीतरी बदलला होता. बॅकअप घेणाऱ्या `mysqldump` ला आत प्रवेशच मिळाला नाही, तो लगेच फसला. तरी प्रत निघाली आणि शाखेत पोहोचली. तिचा आकार होता २० बाइट. हा आकार रिकाम्या दाबलेल्या फायलीचा असतो: पिशवी शिवून तयार, आत दाणा नाही.

झालं असं, की माझ्या स्क्रिप्टमध्ये `mysqldump` जे लिहील ते नळीतून `gzip` कडे जात होतं आणि तो ते दाबून फाइल करत होता. अशी दोन कामं नळीनं जोडली की आकडा फक्त शेवटच्याचा मोजला जातो. `gzip` ला काहीच मिळालं नाही, त्यानं काहीच नाही ते व्यवस्थित दाबलं आणि शून्य ठेवून निघून गेला. त्याच्या बाजूनं ते खरंच होतं. यावर उपाय आहे, आणि दुरुस्त केलेली स्क्रिप्ट तेव्हापासून अशी आहे:

```
#!/bin/bash
set -o pipefail
F=/backup/db-$(date +%F).sql.gz
mysqldump --single-transaction sanstha | gzip > "$F.tmp" &&
  gzip -t "$F.tmp" &&
  mv "$F.tmp" "$F"
```

`pipefail` ची ओळ सांगते, की नळीतलं कुठलंही काम फसलं तरी सगळी नळी फसली असं धर. `gzip -t` बनलेली फाइल उघडून शेवटपर्यंत तपासतो. शेवटची `mv` ओळ मला सगळ्यांत मोलाची वाटते. फाइल तयार होत असताना तिच्या नावाला `.tmp` हे शेपूट असतं. ती पूर्ण झाली, तपासून झाली, की मगच तिला खरं नाव मिळतं. एकाच डिस्कवर नाव बदलणं एका क्षणात होतं, अर्धवट नाव बदललं असं कधी होत नाही. त्यामुळे खऱ्या नावाची फाइल दिसली, म्हणजे ती पूर्णच आहे. प्रत पाठवणारं काम खऱ्या नावाचीच फाइल उचलतं, त्यामुळे उद्या कुणी ते चुकून भलत्या वेळी चालवलं तरी अर्धवट फाइल शाखेत जाणार नाही.

या सहा ओळी मी मुद्दाम वेगळ्या फायलीत ठेवल्या आहेत. क्रॉनच्या यादीत `%` या चिन्हाला वेगळा अर्थ असतो, तिथे तारखेचं `+%F` थेट लिहिलं तर ओळ मधूनच तुटते. शिवाय अनेक लिनक्सवर क्रॉन साधं शेल वापरतो, आणि `pipefail` सगळ्याच शेलना कळत नाही. म्हणून पहिल्या ओळीत `bash` चं नाव आहे.

आणखी एक सापळा आहे. संस्थेतल्या एका उत्साही मुलानं स्क्रिप्टच्या तळाशी एक ओळ घातली होती, नोंदीसाठी, चांगल्या हेतूनं:

```
echo "backup zala"
```

स्क्रिप्टचा आकडा म्हणजे तिच्यातल्या शेवटच्या हुकमाचा आकडा. आणि 'झाला' हा शब्द लिहिण्यात कधी कुणी फसत नाही. त्या एका ओळीनं बॅकअप बुडाला तरी स्क्रिप्ट यशस्वीच ठरत होती आणि साखळी निर्धास्तपणे पुढे जात होती. अशी नोंद हवीच असेल तर ती आधीच्या ओळीला `&&` नं जोडायची, म्हणजे आकडा बदलत नाही. कुठल्याही साखळीची परीक्षा घ्यायची असेल तर सोपी युक्ती आहे. पहिलं काम मुद्दाम पाडायचं, उदाहरणार्थ पासवर्ड चुकीचा द्यायचा, आणि दुसरं सुरू होतं का ते बघायचं. साखळी यशाच्या रात्री सगळ्यांचीच चालते.

दोन कामं दोन वेगळ्या संगणकांवर असतील तर `&&` पुरत नाही. शाखेतला संगणक मुख्य कार्यालयातल्या कामाचा आकडा वाचू शकत नाही. तिथे खुणेची फाइल ठेवतात: पहिलं काम यशस्वी झालं की शेवटी एक छोटी रिकामी फाइल तयार करतं, आणि दुसरा संगणक दर पाच मिनिटांनी ती आली का ते बघत राहतो. पण खुणेचं नाव नुसतं `done` ठेवलं, तर कालची खूण आज तशीच पडलेली असते. आज पहिलं काम सुरूही झालेलं नसताना दुसऱ्याला कालचं यश दिसतं आणि ते धावत सुटतं. मोठ्या सॉफ्टवेअरमध्येही हाच घोळ होतो, कारण तिथेही कामाची शेवटची स्थिती, 'यशस्वी', पुढच्या खेपेपर्यंत तशीच लिहिलेली राहते. म्हणून खुणेच्या नावातच तारीख घालायची, `done-2019-06-03` अशी, आणि दुसऱ्यानं आजच्या तारखेचीच खूण मागायची. वाट किती बघायची तेही ठरवून द्यायचं. आमच्याकडे सकाळी सहापर्यंत. त्यानंतर थांबायचं आणि माणसाला कळवायचं.

या क्रमाला मोठ्या बँकेत किती वजन असतं ते ब्रिटनमध्ये जून २०१२ मध्ये दिसलं. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड समूहात रात्रीची हजारो कामं क्रमानं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवली गेली. काही अडचण दिसली म्हणून ती काढून पुन्हा जुनी आवृत्ती आणली, पण त्याचे परिणाम आधी तपासले नव्हते. कामांचा क्रम विस्कटला. पैसे होते, यंत्रं चालू होती, पण कुठलं काम झालं आणि कुठलं राहिलं हेच सांगता येईना, त्यामुळे खात्यांवर जमा-खर्च चढेना. लोकांचे पगार दिसेनात, घराचे हप्ते अडकले. ब्रिटनमधल्या सुमारे ६५ लाख ग्राहकांना झळ बसली. सर्वांत जास्त दिवस हाल झाले ते समूहातल्याच अल्स्टर बँकेच्या ग्राहकांचे, आणि त्याचं कारण साखळीत होतं: अल्स्टरची कामं नॅटवेस्ट आणि रॉयल बँकेच्या कामांच्या मागे जोडलेली होती, पुढच्यांचा साचलेला ढीग उपसून होईपर्यंत त्यांची पाळीच येत नव्हती. नोव्हेंबर २०१४ मध्ये दोन नियामकांनी मिळून समूहाला ५.६ कोटी पौंडांचा दंड केला.

यातून साखळीची दुसरी बाजूही दिसते. ती चुकीच्या कामाला अडवते, तशी मागच्या सगळ्यांनाही अडवून धरते. म्हणून कडी उगाच जोडू नये. दुसऱ्या कामाला पहिल्याचं फळ खरोखर लागत असेल तरच जोडावी. पतसंस्थेत सभासदांना एसएमएस पाठवण्याचं काम मी बॅकअपच्या मागे लावलं होतं, नुसतं सोयीचं म्हणून. बॅकअप अडला की एसएमएसही अडायचे, काहीही संबंध नसताना. ते सोडवून वेगळं केलं.

एक कडी मात्र मी आग्रहानं शेवटी ठेवतो, ती म्हणजे जुन्या फायली पुसण्याची. सात दिवसांपेक्षा जुन्या प्रती पुसणारं काम पूर्वी वेगळ्या वेळी, आपल्या आपण चालायचं. समजा बॅकअप आठ दिवस बंद पडला. पुसणारा रोज इमानदारीनं एकेक जुनी फाइल पुसत राहतो आणि आठव्या दिवशी जागा स्वच्छ रिकामी होते. आता तो प्रत पोहोचल्यानंतरच जागा होतो:

```
0 1 * * *  cd /opt/kaam && ./dump.sh && ./copy.sh && ./clean.sh || ./kalva.sh
```

नवी प्रत पोहोचली नाही तर जुनी पुसली जाणार नाही. याची किंमत म्हणजे साखळी बरेच दिवस तुटून राहिली तर डिस्क भरत जाते. ती किंमत मी आनंदानं देतो. शेवटचं `kalva.sh` कुठलीही कडी तुटली की व्यवस्थापकांना आणि मला संदेश पाठवतं. ते नसेल तर साखळी शांतपणे तुटते, आणि न सुरू झालेलं काम आवाज करत नाही. शिवाय सगळं नीट झालं तरी सकाळी एक छोटा संदेश येतो, आकारासह. संदेशच आला नाही तर सर्व्हर बंद आहे किंवा क्रॉनच चालत नाही असं समजायचं, कारण बंद संगणक स्वतःच्या बंद पडण्याची बातमी देऊ शकत नाही.

तुटलेली साखळी सकाळी हातानं पुढे न्यायची असते, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून चालवायचा मोह होतो. बॅकअप दोनदा घेतला तर काही बिघडत नाही. पण महिन्याच्या अखेरीला साखळीच्या सुरुवातीला ठेवींवर व्याज जमा करण्याचं काम असतं. ते दोनदा चाललं तर सभासदांना दोनदा व्याज मिळेल. म्हणून त्या कामाला आधी स्वतःला विचारायला शिकवलंय, की या महिन्याचं व्याज चढलं आहे का. असेल तर काहीही न करता शून्य ठेवून बाजूला व्हायचं. मग साखळी कुणीही, कितीही वेळा चालवो, ती जिथे तुटली तिथूनच पुढे सरकते.

मागच्या पावसाळ्यात रात्री शाखेकडची केबल तुटली. सकाळी संदेश आला: `copy.sh` फसलं. व्यवस्थापकांनी सर्व्हरवर बघितलं, त्या दिवशीची फाइल पूर्ण नावानिशी होती. शेवटची ओळ त्यांनी मला फोनवर वाचून दाखवली, `-- Dump completed on`, पुढे तारीख आणि वेळ. शाखेत जुन्या सातही प्रती जागेवर होत्या. केबलवाला साडेनऊला आला. नऊ चाळीसला त्यांनी `copy.sh` आणि `clean.sh` मधलं `&&` स्वतः टाइप केलं, एंटर दाबलं आणि काउंटर उघडायला गेले.